पट्टा वर्षांनी संपतो, खाण टनांनी

स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल परगण्यात वाल-द-त्रावेर नावाचं खोरं आहे. तिथल्या चुनखडीत नैसर्गिक डांबर मुरलेलं होतं आणि एकोणिसाव्या शतकात शहरांचे रस्ते करायला त्याला चांगली मागणी होती. हा खडक काढण्याचा ठरावीक मुदतीचा परवाना एका इंग्रज कंपनीकडे होता. कंपनीची मुख्य मालमत्ता काय, तर तो परवाना. खडक निघे, विकला जाई आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा भागधारकांना लाभांश म्हणून वाटला जाई. ली आडनावाच्या एका भागधारकानं त्याविरुद्ध दावा लावला. परवाना दरवर्षी झिजतो आहे, तेव्हा ती झीज आधी बाजूला काढा आणि मग नफा म्हणा, असं त्याचं म्हणणं होतं. १८८९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं ते फेटाळलं. झिजणाऱ्या मालमत्तेसाठी तरतूद केलीच पाहिजे असं बंधन कायद्यात नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

निकाल कायद्याला धरून असेल, पण लीचा प्रश्न त्यानं सुटला नाही. खाण रिकामी होईपर्यंत मिळालेला सगळा पैसा नफा म्हणून वाटला, तर शेवटच्या वर्षी कंपनीच्या हाती एक खड्डा उरेल आणि भागधारकांना आपलंच भांडवल लाभांशाच्या नावाखाली परत मिळालेलं असेल. आज भारतात कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार घसारा वजा करूनच लाभांश द्यावा लागतो. वजा करायचं हे ठरलं. किती करायचं, हा मात्र खरा हिशेबाचा भाग आहे.

यंत्र जुनं झालं तर दुरुस्त होतं, विकता येतं, त्याच जागी दुसरं बसवता येतं. भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जागेचं तसं नाही. ती कितीही चांगली ठेवली तरी ठरल्या तारखेला मालकाकडे परत जाते. खाणीचं आणखी वेगळं. ती कॅलेंडर पाहून संपत नाही, जितकं खनिज बाहेर पडेल तितकीच संपते. म्हणून घसाऱ्याच्या पाठ्यपुस्तकांत या दोन मालमत्तांसाठी दोन स्वतंत्र पद्धती दिलेल्या असतात. पट्ट्यासाठी ॲन्युइटी म्हणजे वार्षिकी पद्धत, आणि खाणीसाठी डिप्लीशन म्हणजे साठा जसा घटेल तसा घसारा आकारण्याची पद्धत. परीक्षेत यांच्यावर पाच-सात गुणांची छोटी गणितं येतात. विद्यार्थी ती सूत्रावर सोडवून मोकळे होतात आणि सूत्राच्या आत काय चाललं आहे ते राहून जातं.

आधी पट्टा पाहू. समजा, ठाण्यातल्या एका औषध दुकानदारानं दुकानाचा गाळा पाच वर्षांच्या पट्ट्यानं घेतला आणि सगळ्या मुदतीचे ५,००,००० रुपये एकरकमी मोजले. मुदत संपल्यावर काहीही परत मिळणार नाही. सरळ हिशेब असा की पाच लाखांना पाचनं भागा आणि दरवर्षी एक लाख खर्ची टाका. हीच स्थिर हप्ता पद्धत.

वार्षिकी पद्धत इथे एक शंका काढते. हे पाच लाख दुकानदारानं गाळ्यात अडकवले नसते तर कुठेतरी व्याजानं लावले असते. तेव्हा गाळा त्याला नुसता पाच लाखांना पडत नाही, अडकलेल्या रकमेवर बुडालेलं व्याजही त्याच्या खर्चात धरायला हवं. समजा, व्याजाचा दर आठ टक्के आहे. मग दरवर्षी सारखाच असा हप्ता शोधायचा, की शिल्लक रकमेवर आठ टक्के व्याज चढवत आणि हा हप्ता उतरवत गेलं, तर पाचव्या वर्षाच्या शेवटी खातं बरोबर शून्यावर येईल. गृहकर्जाचा मासिक हप्ता ज्या गणितानं निघतो तेच हे गणित, फक्त इथे कर्ज देणारा आणि घेणारा दोन्ही दुकानदारच आहे.

सूत्र असं आहे:

हप्ता = किंमत × r ÷ (१ − (१ + r)⁻ⁿ)

यात r म्हणजे व्याजाचा दर आणि n म्हणजे वर्षं. आठ टक्के आणि पाच वर्षं घातली की एका रुपयामागे ०.२५०४५६ हा आकडा मिळतो. गणितात बहुतेक वेळा तो वार्षिकी तक्त्यातून दिलेलाच असतो. पाच लाखांना त्यानं गुणलं की वार्षिक घसारा येतो १,२५,२२८ रुपये. आता खातं पाच वर्षं चालवून पाहू.

| वर्ष | सुरुवातीची शिल्लक | ८% व्याज | घसारा | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | ५,००,००० | ४०,००० | १,२५,२२८ | ४,१४,७७२ |
| २ | ४,१४,७७२ | ३३,१८२ | १,२५,२२८ | ३,२२,७२६ |
| ३ | ३,२२,७२६ | २५,८१८ | १,२५,२२८ | २,२३,३१६ |
| ४ | २,२३,३१६ | १७,८६५ | १,२५,२२८ | १,१५,९५३ |
| ५ | १,१५,९५३ | ९,२७५ | १,२५,२२८ | ० |

पाचव्या वर्षाचं व्याज काटेकोरपणे ९,२७६ येतं. पूर्ण रुपयांत मोजताना राहिलेला एक रुपया शेवटच्या वर्षाच्या व्याजात जिरवून खातं बंद करायचं, हा जुना रिवाज आहे.

नोंदी करताना विद्यार्थी हमखास अडखळतात ते व्याजाच्या नोंदीपाशी. दरवर्षी आधी पट्टा खातं व्याजाच्या रकमेनं नावे करायचं आणि व्याज खातं जमा करायचं. त्यानंतर घसारा खातं नावे आणि पट्टा खातं जमा. वर्षअखेरीस घसारा नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला जातो आणि व्याज त्याच खात्याच्या जमा बाजूला. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विसर पडला की पाच वर्षांत ६,२६,१४० रुपये खर्ची पडतात, आणि गाळा तर पाच लाखांचाच होता. वरचे १,२६,१४० म्हणजेच पाच वर्षांचं व्याज. ते उत्पन्न म्हणून जमा बाजूला आलं की बेरीज पुन्हा पाच लाखांवर येते.

मग नफ्यावर खरा भार किती पडला? पहिल्या वर्षी १,२५,२२८ मधून ४०,००० गेले, राहिले ८५,२२८. दुसऱ्या वर्षी ९२,०४६, तिसऱ्या वर्षी ९९,४१०, चौथ्या वर्षी १,०७,३६३ आणि पाचव्या वर्षी १,१५,९५३. घसाऱ्याचा आकडा पाचही वर्षं तोच असला तरी निव्वळ भार दरवर्षी वाढत जातो, आणि वाढतो तोही बरोबर आठ टक्क्यांनी. उत्तर तपासायची याहून सोपी युक्ती नाही. कोणत्याही वर्षाच्या निव्वळ भाराला १.०८ नं गुणा. पुढच्या वर्षाचा भार, एखादा रुपया इकडेतिकडे, यायलाच हवा. नाही आला तर व्याज चुकीच्या शिलकीवर काढलेलं आहे.

दुसरी चूक तक्ता निवडण्यात होते. गणिताच्या पुस्तकात शेजारीच आणखी एक तक्ता असतो, कर्जनिवारण निधीचा. त्यात आठ टक्के आणि पाच वर्षांसमोर ०.१७०४५६ असा आकडा दिसतो. घाईत तो उचलला की घसारा ८५,२२८ येतो आणि पाच वर्षांनी खातं शून्यावर येत नाही. ओळखायचं कसं? पाच वर्षांचा पट्टा असेल तर योग्य आकडा एक भागिले पाच, म्हणजे ०.२०, याच्यापेक्षा मोठा असलाच पाहिजे, कारण त्यात व्याजही फेडायचं आहे. त्याहून लहान आकडा दिसला तर तक्ता चुकला. या दोन आकड्यांतला फरक नेमका ०.०८, म्हणजे व्याजाचा दर आहे, आणि तो योगायोग नव्हे. ८५,२२८ ही आपल्या पहिल्या वर्षाच्या निव्वळ भाराचीच रक्कम. तेवढे पैसे दुकानदारानं दरवर्षी आठ टक्क्यांनी बाजूला ठेवले असते, तर पाच वर्षांनी त्याच्या हाती नवा पट्टा घ्यायला पाच लाख रुपये आले असते.

इथवर पद्धत सुबक वाटते. मुदत वाढवली की तिचं दुसरं रूप दिसतं. महाराष्ट्रात एमआयडीसीचे भूखंड उद्योगांना ९५ वर्षांच्या पट्ट्यानं दिले जातात. समजा, एका कारखानदारानं अशा भूखंडासाठी एक कोटी रुपये अधिमूल्य भरलं. स्थिर हप्ता पद्धतीनं त्याला वर्षाला सुमारे १,०५,२६३ रुपये खर्ची टाकावे लागतील. वार्षिकी पद्धतीनं, आठ टक्के दर धरून, घसारा येतो ८,००,५३५ रुपये आणि पहिल्या वर्षाचं व्याज ८,००,०००. निव्वळ भार ५३५ रुपये! एक कोटीच्या मालमत्तेवर वर्षाला ५३५. पन्नास वर्षं उलटली, मुदत निम्म्याहून अधिक सरली, तरी एक कोटीतले जेमतेम तीन लाख सात हजार खर्ची पडलेले असतात. सगळं ओझं शेवटच्या पिढीच्या डोक्यावर येतं. अगदी शेवटच्या वर्षी एकट्याचा भार सात लाख एक्केचाळीस हजारांवर जातो.

लांब मुदतीच्या पट्ट्याला ही पद्धत लावू नये, असं हा हिशेब सांगतो. शिवाय जमा बाजूला दाखवलेलं व्याज कुणीही दिलेलं नाही, ते कागदावरचं आहे. अशा उत्पन्नाच्या आधारावर नफा मोठा दिसावा हे सावध हिशेबनिसाला रुचत नाही. प्रत्यक्ष कंपन्यांच्या पुस्तकांत त्यामुळे ही पद्धत आज सहसा दिसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या इंड एएस ११६ या लेखामानकानुसार मोठ्या कंपन्या पट्ट्यानं मिळालेला वापरहक्क मालमत्ता म्हणून दाखवतात आणि तो साधारणपणे समान हप्त्यांनी उतरवतात. पुढे द्यायच्या भाड्याचं देणं वेगळं दाखवलं जातं आणि व्याजाचा विचार त्या देण्याच्या बाजूला होतो. तिथे व्याज हा खर्च असतो आणि सुरुवातीच्या वर्षांत जास्त पडतो, म्हणजे वार्षिकी पद्धतीच्या बरोबर उलट. तरी वार्षिकीचं गणित वाया गेलेलं नाही. भाड्याच्या पुढच्या हप्त्यांची आजची किंमत काढायला तेच सूत्र उलट्या बाजूनं वापरावं लागतं.

खाणीच्या हिशेबात व्याज नाही, तक्ता नाही, आहे तो फक्त भागाकार. खाणीवरच्या एकूण खर्चातून शेवटी उरणारी किंमत वजा करायची, अंदाजे निघणाऱ्या टनांनी भागायचं आणि आलेल्या दरानं त्या वर्षी काढलेले टन गुणायचे. सोपं वाटतं, म्हणूनच चुका इथे जास्त लपतात.

एक काल्पनिक लोहखनिजाची खाण घेऊ. खाणीचा हक्क ३ कोटी ६० लाखांना मिळाला. वरचा मातीमुरूम हटवणं, आत जायचा रस्ता, पाणी उपसण्याची सोय, यावर खनिजाचा पहिला ट्रक भरण्याआधी ६० लाख गेले. हा खर्चही खाणीच्या किमतीतच धरायचा. एकूण ४ कोटी २० लाख. खाण संपल्यावर जमिनीचे २० लाख येतील असा अंदाज. म्हणजे ४ कोटी रुपये खनिजावर वाटायचे आहेत. काढता येण्याजोगा साठा ८ लाख टन. दर झाला टनामागे ५० रुपये.

पहिल्या वर्षी ६०,००० टन निघाले, घसारा ३० लाख. दुसऱ्या वर्षी एक लाख टन, घसारा ५० लाख. तिसऱ्या वर्षी खाण बंद राहिली, घसारा शून्य. चौथ्या वर्षी ४०,००० टन, घसारा २० लाख. चार वर्षांत दोन लाख टन निघाले आणि एक कोटी उतरले. पुस्तकात खाण ३ कोटी २० लाखांची राहिली.

पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला नव्यानं बोअर मारून पाहिल्यावर कळलं की उरलेला साठा सहा लाख टन नाही, चारच लाख टन आहे. आता काय करायचं? अनेक विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनचा घसारा पुन्हा मोजायला बसतात. तसं करायचं नसतं. साठा हा अंदाज आहे आणि अंदाज बदलला की बदल पुढच्या काळाला लागू होतो, मागची पुस्तकं उघडायची नाहीत. ३ कोटी २० लाखांतून २० लाख वजा केले, ३ कोटी उरले, त्यांना ४ लाखांनी भागलं की नवा दर ७५ रुपये. पुढचा प्रत्येक टन ७५ रुपयांनी खाण हलकी करील.

टन म्हणजे नेमका कोणता टन, या प्रश्नावर पाठ्यपुस्तकं गप्प असतात, पण खाणीच्या कचेरीत वाद होतो तो इथेच. भूगर्भातला साठा बहुधा कोरड्या टनांत मोजलेला असतो. ट्रक काट्यावर चढतो तेव्हा त्यातलं खनिज ओलं असतं. समजा, ओलावा आठ टक्के आहे. काट्याच्या पावत्यांची बेरीज ६०,००० टन आली, तर कोरडं खनिज ५५,२०० टनच. पन्नासच्या दरानं घसारा ३० लाख की २७ लाख ६० हजार? भागाकार कोरड्या टनांनी केला असेल तर गुणाकारही कोरड्याच टनांनी करायला हवा. तसंच खड्ड्यातून निघालेला कच्चा माल आणि चाळून-धुऊन झालेलं विक्रीयोग्य खनिज यांचं. साठ्याचा आकडा एकात आणि उत्पादनाचा दुसऱ्यात धरला, तर खाण संपते पण खातं संपत नाही, किंवा खातं शून्यावर येऊनही ट्रक भरतच राहतात. पडताळा घ्यायचा झाला तर काट्याच्या पावत्या एकीकडे ठेवाव्यात आणि सर्वेक्षकानं खड्ड्याचं मोजमाप घेऊन काढलेलं घनफळ व घनता यांचा गुणाकार दुसरीकडे. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर कारण शोधल्याशिवाय पुस्तक बंद करू नये.

आणखी एक गुंता विक्रीचा. पहिल्या वर्षी काढलेल्या ६०,००० टनांपैकी ४५,००० टनच विकले गेले आणि १५,००० टनांचा ढीग आवारात पडून राहिला, असं धरा. घसारा काढलेल्या टनांवर, म्हणजे ३० लाखच. पण त्यातले ७ लाख ५० हजार त्या ढिगाच्या किमतीत बसतात आणि अखेरच्या मालसाठ्यात दिसतात. त्या वर्षाच्या विक्रीवर भार पडतो २२ लाख ५० हजारांचा. सरकारला टनामागे जाणारं स्वामित्वधन आणि उत्पादन नसलं तरी भरावं लागणारं किमान भाडं हे खर्च यांत मिसळायचे नसतात. ते खनिज काढण्याच्या हक्काबद्दल सरकारला द्यायचं देणं आहे, आपल्या भांडवलाची झीज नव्हे.

काल्पनिक खाण तिसऱ्या वर्षी बंद ठेवली ती उगाच नाही. गोव्यात हे खरोखर घडलं, आणि नुसतं एका वर्षासाठी नाही.

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांतल्या लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या सवलतींवर उभ्या होत्या. या सवलतींना मुदतीची अट नव्हती. १९८७ साली संसदेनं कायदा करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्या खाणपट्टे झाल्या असं मानलं. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ च्या सप्टेंबरात राज्यातलं खाणकाम थांबलं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या मानीव पट्ट्यांची मुदत नूतनीकरणासह २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. त्याच निकालात वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादाही घातली गेली. पुढे राज्य सरकारनं पट्टे पुन्हा नूतनीकृत केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयानं ती ८८ नूतनीकरणं रद्द ठरवली, आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले.

आता हिशेबनिसाच्या टेबलावर बसून पाहा. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं आहे, यंत्रं उभी आहेत, मांडवी-जुवारीवरून खनिजाचे बार्ज जात नाहीत. डिप्लीशन पद्धतीनं त्या वर्षाचा घसारा शून्य. ही पळवाट नाही. इंड एएस १६ या मानकात स्पष्ट लिहिलं आहे की वापरावर आधारलेल्या पद्धतीत उत्पादन नसेल तेव्हा घसारा शून्य असू शकतो. जमिनीखालचा एक टनही कमी झालेला नाही, हेही खरंच.

पण खाणीत दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. टनांचं घड्याळ थांबलं तरी पट्ट्याचं चालूच असतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर देशातले नवे खाणपट्टे ५० वर्षांसाठी दिले जातात. खनिज असो वा नसो, ती मुदत एकेका वर्षानं कमी होतेच. म्हणून भागाकाराच्या खालचा आकडा ठरवताना साठा किती आहे एवढंच विचारून भागत नाही, मुदत संपण्याआधी त्यातला किती काढता येईल, हेही विचारावं लागतं.

आपल्याच खाणीकडे परत या. उरलेला साठा ४ लाख टन, पण पट्ट्याची सहाच वर्षं उरली आहेत आणि परवानगी वर्षाला ५०,००० टनांची आहे. म्हणजे हाती येणार फार तर ३ लाख टन. बाकीचा एक लाख टन जमिनीत राहील आणि पुढच्या पट्टेदाराच्या पदरात पडेल. साठ्यानं भागलं तर दर ७५, मिळू शकणाऱ्या टनांनी भागलं तर १००. बरोबर दर १०० रुपये. ७५ धरून चाललेल्या कंपनीचं सहा वर्षांनी काय होईल? ३ लाख टनांवर सव्वादोन कोटी उतरतील आणि ज्या खाणीवर आता हक्कच नाही तिच्यावर ७५ लाख रुपये ताळेबंदात लोंबकळत राहतील. ते एका फटक्यात तोटा म्हणून काढावे लागतील. जमिनीचे २० लाख मिळणार असं धरलं होतं तेही पट्ट्याच्या अटींत बसतं का, हे आधी वाचलेलं बरं. जमीन सरकारची असेल तर ती विकायचा प्रश्नच येत नाही, उलट खड्डा बुजवून झाडं लावण्याचा खर्च अंगावर येतो.

बंदी लांबली की आणखी एक काम वाढतं. घसारा शून्य म्हणून मालमत्ता जशीच्या तशी राहिली असं होत नाही. तिच्यातून पुढे मिळणारा पैसा तिच्या पुस्तकी किमतीपेक्षा कमी पडणार असेल, तर इंड एएस ३६ नुसार तो फरक तोट्यात टाकावा लागतो. पट्टाच रद्द झाला असेल, तर त्यावर केलेल्या खर्चाचं पुढे काय होणार, हा प्रश्न टनांच्या दरानं सुटत नाही.

साठ्याच्या अंदाजावर इतकं अवलंबून असल्यानं तो कुणी काढला हेही पाहावं लागतं. देशातल्या कोळसा वगळता बहुतेक प्रमुख खनिजांच्या खाणयोजना तपासणारी भारतीय खाण ब्युरो ही संस्था १९४८ पासून काम करते आणि तिचं मुख्यालय नागपुरात आहे. खाणयोजनेत साठ्याचे वर्ग केलेले असतात. प्रत्यक्ष बोअर मारून खात्री झालेला साठा वेगळा आणि भूगर्भरचनेवरून असावा असा वाटणारा साठा वेगळा. घसाऱ्यासाठी पहिला, फार तर त्याच्या लगतचा संभाव्य साठा धरणं योग्य. खालच्या वर्गातले टन भागाकारात घुसवले की टनामागचा दर उतरतो आणि नफा फुगतो, आणि हे करायला एकाही पावतीत खाडाखोड करावी लागत नाही.

खाणीच्या आवारातली सगळीच मालमत्ता टनांवर उतरवायची नसते. डंपर, खोदयंत्रं, वजनकाटा दुसऱ्या खाणीवर नेता येतात, त्यांचा घसारा त्यांच्या आयुष्यावर. कामगारांची वसाहत किंवा खाणीपर्यंतचा रस्ता खाणीबाहेर कशाला कामाचा नाही, तो खनिजासोबतच संपवलेला बरा. जी वस्तू इमारतीसारखी चाळीस वर्षं टिकेल पण खाण दहाच वर्षांची आहे, तिचं आयुष्य दहाच धरायचं.

परीक्षेला बसणाऱ्यानं खाणीचं गणित हाती आलं की आधी प्रश्नातले तीन आकडे शोधावेत: खर्चात विकासखर्च मिळवला आहे का, शेवटी उरणारी किंमत दिली आहे का, आणि टन साठ्याचे आहेत की मुदतीत निघू शकणारे. आणि ज्यांनी एखाद्या खाणकंपनीचे शेअर घेतले आहेत, त्यांनी वार्षिक अहवालातला नफ्याचा आकडा वाचण्याआधी लेखाधोरणांची टीप उघडावी. खाणहक्क कोणत्या टनांवर उतरवला आहे, पट्टा कोणत्या साली संपतो आणि साठ्याचा अंदाज शेवटचा कधी बदलला, ही माहिती तिथे सापडायला हवी. ती मोघम असेल तर कंपनीच्या वार्षिक सभेत उठून विचारा. भागधारकाला तो हक्क आहे.